आठ टक्के कशाचे?

फोटो रात्री साडेनऊला आला. चिवड्याच्या पाकिटाची मागची बाजू, वर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, उजवी कड पाकीट फुगल्यामुळे वर वळलेली. खाली निरोप होता, "ताई, एवढा तक्ता अरबीत करून द्या. मंगळवारी माल शारजाला निघतोय."

माझी शाळेची पहिली काही वर्षं कुवेतला गेली. वडील तिकडे नोकरीला होते. तेव्हाची अरबी पुढे मी शिकून पक्की केली, आणि आता रत्नागिरीपासून नाशिकपर्यंतचे छोटे कारखानदार मला असे फोटो पाठवतात. आखाती देशांत खाद्यपदार्थ विकायचा तर त्यावर अरबी मजकूर लागतोच. मूळ पाकीट इंग्रजीत छापलेलं असतं, म्हणून त्यावर अरबी स्टिकर लावतात. घटकपदार्थांची यादी, साठवणुकीची सूचना, निर्मात्याचा पत्ता हे सगळं तासाभरात होतं. वेळ खातो तो पोषणमूल्यांचा तक्ता. त्यात शब्द जेमतेम वीस-पंचवीस असतात, त्यामुळे पाठवणाऱ्याला ते सगळ्यात सोपं काम वाटतं.

पण त्या तक्त्यातला एकही आकडा एकटा काही सांगत नाही. '८' एवढंच दिसलं तर काय समजायचं? ते आठ टक्के आहेत, ऊर्जेचे आहेत, तीस ग्रॅम चिवड्यामागे आहेत, आणि दिवसाला दोन हजार किलोकॅलरी धरून काढलेले आहेत. आकड्याला ओळ असते, स्तंभ असतो आणि तळाची एक टीप असते. हे तिन्ही मिळून त्याचा पत्ता होतो. भाषांतर करताना शब्द बदलतात, आकडे तेच राहतात, पण अरबी उजवीकडून डावीकडे जात असल्यामुळे प्रत्येक आकड्याला घर बदलावं लागतं. या सामानहलवणीत एखादा आकडा शेजारच्या घरात गेला तर बघणाऱ्याला काहीच खटकत नाही.

त्या रात्रीचा तक्ता इथे मांडते. हिशेब डोक्यात राहावा म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. पाकीट दोनशे ग्रॅमचं. एक सर्व्हिंग ३० ग्रॅम. पहिल्या स्तंभात पोषकद्रव्याचं नाव आणि एकक, दुसऱ्यात १०० ग्रॅममागे किती, तिसऱ्यात एका सर्व्हिंगमागे किती, आणि चौथ्यात दैनंदिन गरजेच्या किती टक्के. शंभर ग्रॅममागे ऊर्जा ५१८ किलोकॅलरी, प्रथिनं १२ ग्रॅम, कर्बोदकं ५०, एकूण साखर १०, वरून घातलेली साखर ६, एकूण मेद ३०, संपृक्त मेद ९, ट्रान्स फॅट ०.१, कोलेस्टेरॉल शून्य, आणि सोडियम ७०० मिलिग्रॅम. अशा दहा ओळी.

चौथ्या स्तंभात मात्र दहा आकडे नव्हते. सहाच होते. आपल्या एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत दैनंदिन गरजेची टक्केवारी काढण्यासाठी सहाच गोष्टींचा आधार दिला आहे. ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण मेद ६७ ग्रॅम, संपृक्त मेद २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम. प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्यापुढची चौकट त्यामुळे बहुतेक भारतीय पाकिटांवर कोरी किंवा आडव्या रेघेची असते.

आता फोनने त्या फोटोतून मजकूर उचलला तर काय होतं ते बघा. फोनला चौकटी दिसत नाहीत, छापलेली चिन्हं दिसतात. कोऱ्या जागा तो गाळतो आणि चौथ्या स्तंभाची एक सरळ यादी करून देतो: ८, ४, १३, १२, २, ११. ही यादी कोणी वरून खाली भरत गेलं, तर ऊर्जेपुढे ८ बरोबर येतं. पण त्यानंतर घातलेल्या साखरेचे ४ टक्के प्रथिनांपुढे बसतात, मेदाचे १३ कर्बोदकांपुढे, संपृक्त मेदाचे १२ एकूण साखरेपुढे, ट्रान्स फॅटचे २ घातलेल्या साखरेपुढे आणि सोडियमचे ११ एकूण मेदापुढे. सोडियमची ओळ कोरीच राहते. प्रत्येक आकडा खरा, प्रत्येक शब्द खरा, आणि रक्तदाबाच्या ज्या माणसाने सोडियम बघण्यासाठी पाकीट उलटवलं त्याच्यापुढे रिकामी चौकट.

वाकड्या फोटोत अशीच दुसरी गफलत होते. पाकीट फुगलेलं किंवा बरणी गोल असली की ओळी उजव्या कडेला वर किंवा खाली वळतात. डाव्या बाजूला जी ओळ 'एकूण मेद' म्हणून सुरू होते, तिच्या अगदी समोर आडवं बघितलं तर उजवीकडे 'संपृक्त मेद' येतो. डोळा एका ओळीने घसरतो, आणि तो घसरल्याचं आपल्याला कळत नाही. म्हणून मी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा एकच विनंती करते: एक पाकीट फोडून, रिकामं करून, टेबलावर सपाट पसरा, वर काच ठेवू नका, आणि खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात बरोबर वरून फोटो काढा. बहुतेक वेळा दहा मिनिटांत दुसरा फोटो येतो. येत नसेल तर पहिला फोटो मोठा करून छापते आणि प्रत्येक ओळीखाली पट्टी ठेवून हाताने उतरवते.

उतरवताना कोरी चौकट हाही मजकूर धरायचा. मी तिथे आडवी रेघ टाइप करते, जागा नुसती सोडत नाही. शून्य आणि कोरं यांतही गल्लत होऊ द्यायची नाही. कोलेस्टेरॉल शून्य म्हणजे त्यात ते नाही असं सांगितलं आहे. टक्क्यांची चौकट कोरी म्हणजे त्याबद्दल काही सांगितलेलंच नाही.

फोटोतले आकडे वाचताना आणखी एक खोड नेहमी सापडते. आपल्या पाकिटांवर एकक बहुधा नावाशेजारी असतं, पण अमेरिकी धाटणीच्या तक्त्यात ते आकड्याला चिकटून येतं, 12g असं. बारीक, थोड्या पसरलेल्या छपाईत इंग्रजी g आणि 9 सारखेच दिसतात. मग बारा ग्रॅमचे एकशे एकोणतीस होतात आणि शून्य ग्रॅमचे नऊ. दशांशचिन्ह तर फोटोत सगळ्यात आधी मरतं. ०.१ चं ०१ होतं, आणि मग कोणीतरी पुढचं शून्य निरर्थक समजून काढून टाकतं.

या सगळ्या चुका पकडायला अरबी यावी लागत नाही. तीन छोटे हिशेब पुरतात, आणि ते मी भाषांतराआधीच करून घेते. पहिला हिशेब गुणोत्तराचा. सर्व्हिंग ३० ग्रॅमची असेल तर तिसऱ्या स्तंभातला प्रत्येक आकडा दुसऱ्यातल्या आकड्याच्या ०.३ पट आला पाहिजे. ५१८ चे १५५, १२ चे ३.६, ५० चे १५, ३० चे ९, ७०० चे २१०. एखाद्या ओळीत हे जमलं नाही, तर त्या ओळीतला एक आकडा चुकीचा वाचला गेला आहे किंवा शेजारच्या ओळीतून आला आहे. मूळ पाकिटावर आकडे गोल केलेले असतात, म्हणून दशांशाचा फरक सोडून द्यायचा.

दुसरा हिशेब टक्क्यांचा. सर्व्हिंगमधला आकडा त्याच्या आधाराने भागायचा. २१० मिलिग्रॅम सोडियम भागिले २००० म्हणजे साडेदहा टक्के, छापलेत ११. नऊ ग्रॅम मेद भागिले ६७ म्हणजे साडेतेराच्या आसपास, छापलेत १३. वर सांगितलेली घसरलेली यादी इथे लगेच उघडी पडते, कारण मेदापुढे ११ बसलेले असतात आणि हिशेब १३ सांगतो. तिसरा हिशेब ऊर्जेचा. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅममागे चार किलोकॅलरी देतात, मेद नऊ. बारा चोक अठ्ठेचाळीस, पन्नास चोक दोनशे, तीस नवे दोनशे सत्तर. बेरीज ५१८. हा हिशेब नेहमी इतका चपखल बसत नाही, कारण तंतू किंवा साखरेऐवजी वापरलेल्या काही गोड पदार्थांची ऊर्जा वेगळी धरतात. पण बेरीज शंभर-दीडशेने हुकली तर फोटोकडे परत जावं.

गुणोत्तराच्या हिशेबाला एक मर्यादा आहे. दोन्ही स्तंभांचे आकडे बरोबर असतील आणि फक्त वरची शीर्षकं अदलाबदल झाली असतील, तर ओळीओळीचं गुणोत्तर बघून ते कळेलच असं नाही. चिवड्याच्या बाबतीत शंभर ग्रॅमचा आकडा मोठा असणार हे उघड आहे. पण गरम करून खायच्या भाजीच्या पाऊचमध्ये सर्व्हिंग दीडशे ग्रॅमची असू शकते, आणि तिथे सर्व्हिंगचा स्तंभ मोठा असतो. 'मोठा आकडा म्हणजे शंभर ग्रॅमचा' असं मनाशी धरून शीर्षकं लावणाऱ्याने अशा ठिकाणी चूक केलेली मी पाहिली आहे.

आता अरबीकडे वळते. सर्व्हिंगचं अरबी 'हिस्सा'. तोच आपल्या तोंडातला हिस्सा, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. सर्व्हिंग साइझ म्हणजे 'हज्म अल्-हिस्सा', वाट्याचं आकारमान. या हज्मचा आपल्या 'हजम करण्या'शी संबंध नाही. तो शब्द अरबीतल्या दुसऱ्याच धातूचा आहे. शब्दकोशातून घाईने उचललेल्या भाषांतरात मात्र इथे 'खिदमा' दिसतो. खिदमा म्हणजे सेवा, आपल्या खिदमतीचं मूळ. इंग्रजी शब्दाला वाढणं आणि सेवा असे दोन्ही अर्थ चिकटलेले असल्यामुळे हे होतं, आणि शारजातल्या दुकानात गिऱ्हाईक वाचतं, 'सेवेचा आकार ३० ग्रॅम'. अर्थाचा अंदाज त्याला येतो, पण हा स्टिकर कुणी निष्काळजीपणे केला आहे हेही त्याला कळतं, आणि मग तो आकड्यांवरही विश्वास कमी ठेवतो.

पाकिटात किती सर्व्हिंग आहेत ही ओळ लहान दिसते, पण तिथे अरबी व्याकरण आकड्याला धरून बदलतं. दोनशे ग्रॅममध्ये तीस-तीस ग्रॅमचे साधारण सात वाटे, म्हणून अनेकवचन 'हिसस' येतं. तीन ते दहापर्यंत हे अनेकवचन चालतं. अकरापासून पुढे पुन्हा एकवचनी 'हिस्सा'. आणि दोन असतील तर अरबीत खास द्विवचन आहे, 'हिस्सतान'. त्यात दोन हा आकडा शब्दातच आला, वेगळा लिहायची गरज उरत नाही. मूळ मजकुराच्या साच्यात फक्त आकडा बदलून पुढच्या पाकिटाचा स्टिकर काढायचा कारखानदारांचा शिरस्ता असतो, आणि ही ओळ तिथे हमखास चुकते. म्हणून मी शक्य तिथे वाक्याची रचनाच बदलते: 'पाकिटातील वाट्यांची संख्या', विरामचिन्ह, आणि मग आकडा. मग तो कितीही बदलला तरी शब्द बदलावे लागत नाहीत.

एककांच्या संक्षेपात अरबांमध्येही एकमत नाही. इजिप्तकडच्या छपाईत ग्रॅम 'जीम' अक्षराने लिहितात, कारण तिथे त्या अक्षराचा उच्चार ग होतो. इतरत्र 'गैन' वापरतात. दोन्ही वाचकाला समजतात, पण एकाच स्टिकरवर दोन्ही आले तर ती दोन वेगळी एककं वाटू शकतात. ग्रॅम आणि मिलिग्रॅम यांच्या अरबी संक्षेपांत तर सुरुवातीच्या एखाद-दोन छोट्या अक्षरांचाच फरक असतो. सोडियमपुढे ते अक्षर गळलं की सातशे मिलिग्रॅमचे सातशे ग्रॅम होतात. जागा असेल तर मी 'मिलिग्राम' पूर्ण लिहिते.

आता अंक. अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात, पण संख्या आपल्यासारखीच लिहितात, मोठं स्थान डावीकडे. आखाती देशांत दोन अंकमाला चालतात: एक आपल्या ओळखीची इंग्रजी, आणि दुसरी जिला अरब लोक 'हिंदी अंक' म्हणतात. या दुसऱ्या मालेत पाच हा आपल्या देवनागरी शून्यासारखा गोल असतो, शून्य हे नुसता ठिपका असतं, आणि इंग्रजी सातासारखा दिसणारा अंक सहा असतो. आपल्याकडचा डीटीपी करणारा हे अंक ओळखत नाही, आणि ठिपक्याचं शून्य छपाईत शाईच्या डागासारखं दिसतं किंवा डाग शून्यासारखा दिसतो. म्हणून पोषणतक्त्यासाठी मी इंग्रजी अंकच ठेवते. मूळ पाकिटावरचे आणि स्टिकरवरचे आकडे मग कोणालाही, अरबी न येणाऱ्यालाही, शेजारी ठेवून ताडता येतात.

स्तंभांची आरशातली जागा बदलणं हे काम हाताने करायचंच नाही. मूळ तक्ता स्प्रेडशीटमध्ये घालायचा, एका चौकटीत एकच आकडा, एककं सगळी नावाच्या स्तंभात. मग शीटची दिशाच उजवीकडून डावीकडे करायची. नावाचा स्तंभ आपोआप उजव्या टोकाला जातो, त्याच्या डावीकडे १०० ग्रॅम, मग सर्व्हिंग, मग टक्के. शीर्षक आणि आकडे एकत्रच सरकतात, म्हणून सुटे पडत नाहीत. जिथे गोंधळ झालेला मी पाहिला, तिथे बहुतेक वेळा असं झालं होतं: भाषांतरकाराने शीर्षकांची ओळ अरबी क्रमाने पाठवली, आणि डिझाइन करणाऱ्याने आकड्यांचा गठ्ठा इंग्रजी पाकिटावरून जसाच्या तसा चिकटवला. मधला स्तंभ मधेच राहिला, आणि टोकाचे दोन एकमेकांच्या जागी गेले. शंभर ग्रॅमच्या शीर्षकाखाली टक्के आले, टक्क्यांच्या शीर्षकाखाली ५१८. ते निदान दिसतं तरी. चौथा स्तंभ नसलेल्या तक्त्यात फक्त १०० ग्रॅम आणि सर्व्हिंग असतात, तिथे ही अदलाबदल डोळ्याला दिसतही नाही.

एका चौकटीत एकच आकडा हा माझा हट्ट आहे, आणि त्याला कारण आहे. काही निर्यातीच्या पाकिटांवर ऊर्जा दोन एककांत एकाच चौकटीत असते. इंग्रजीत ती अशी टाइप केलेली असते:

```
518 kcal / 2167 kJ
```

हीच ओळ उजवीकडून चालणाऱ्या चौकटीत चिकटवली की पडद्यावर अशी दिसते:

```
kcal / 2167 kJ 518
```

संगणकाने काही मोडलेलं नसतं. तो त्याचे नियम पाळतो. चौकटीची दिशा उजवीकडून आहे, म्हणून पहिला आकडा उजव्या टोकाला जातो. त्यानंतर इंग्रजी अक्षरं येतात, ती डावीकडून चालणारी. त्या अक्षरांनंतर आलेला दुसरा आकडा त्या इंग्रजी तुकड्याचाच भाग धरला जातो. परिणामी ५१८ किलोज्यूलला जाऊन चिकटतो आणि किलोकॅलरी आकड्याविना उरते. दोन एककं दोन ओळींत लिहिली आणि एकक अरबीत दिलं की हा प्रश्नच उरत नाही.

याच नियमांमुळे टक्क्याचं चिन्ह दोन जागी दोन प्रकारे बसतं, आणि हे पहिल्यांदा पाहणारा माणूस चक्रावतो. चौकटीत नुसतं 11% असेल तर चिन्ह आकड्याच्या उजवीकडेच राहतं. पण तळटिपेच्या वाक्यात, अरबी अक्षरांच्या मागून तोच 11% आला की चिन्ह उडी मारून डावीकडे जातं. अरबी वाचकाला दोन्ही कळतात. पण चिन्ह एकदा इकडे, एकदा तिकडे दिसलं की कारखान्यातला कोणीतरी ते 'दुरुस्त' करायला जातो आणि चिन्हाबरोबर आकडाही हलवतो. म्हणून टक्क्याचं चिन्ह मी स्तंभाच्या शीर्षकात ठेवते आणि चौकटीत नुसता आकडा. टिपेत 'टक्के' हा शब्दच लिहिते.

सगळ्यात फसवं चिन्ह म्हणजे 'पेक्षा कमी'चं. <0.1 असं मूळ तक्त्यात असेल तर उजवीकडून चालणाऱ्या चौकटीत ते चिन्ह आकड्याच्या उजवीकडे जातं आणि आरशात पाहिल्यासारखं उलटतं. उजवीकडून वाचणाऱ्याला ते 'पेक्षा कमी'च आहे. पण आकड्यांच्या बाबतीत सगळेच डावीकडून वाचायला सरावलेले असतात, आणि तसं वाचलं तर अर्थ बरोबर उलटा. इथे चिन्ह सोडून द्यायचं आणि 'अकल्ल मिन', म्हणजे 'याहून कमी', असे दोन शब्द लिहायचे.

आता टीप. मूळ पाकिटावर टक्क्यांच्या शीर्षकाला तारांकन होतं आणि तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे टक्के एका सर्व्हिंगचे आहेत आणि दोन हजार किलोकॅलरी, ६७ ग्रॅम मेद वगैरे धरून काढले आहेत. हे तारांकन अरबी शीर्षकाच्या डाव्या टोकाला जातं आणि टिपेच्या उजव्या टोकाला, सुरुवातीला. दोन्ही ठिकाणी ते आहे ना, एवढं बघायचं. अडचण येते ती जागेची. स्टिकर लहान असतो, आणि डिझाइन करणारा म्हणतो, टीप काढू या, कोण वाचतं. टीप काढली तर ऊर्जेचे आठ टक्के कशाचे हे कोणीच सांगू शकत नाही. शंभर ग्रॅम चिवड्याचे ते सव्वीस टक्के होतात. टीप अगदीच मावत नसेल तर निदान 'प्रति वाटा' हे शब्द टक्क्यांच्या शीर्षकात घालून घ्यायचे, आणि आधाराच्या आकड्यांसाठी मालकाला स्टिकर पाच मिलिमीटरने वाढवायला सांगायचं. सांगितल्यावर तो वाढतो.

टिपेचं भाषांतर करताना ओळखीचा साचा वापरायचा मोह होतो. अमेरिकी पाकिटांमुळे 'दैनंदिन मूल्य' ही अरबी शब्दयोजना रुळलेली आहे, ती उचलावीशी वाटते. पण अमेरिकेत त्या मूल्याचे आधार वेगळे आहेत: सोडियम २३०० मिलिग्रॅम, मेद ७८ ग्रॅम. आपल्या पाकिटावरचे ११ टक्के सोडियम त्यांच्या मापाने ९ होतात. आपले आकडे आणि त्यांची टीप असं मिश्रण खोटं ठरतं. मी 'शिफारस केलेली दैनंदिन गरज' असं साधं अरबी लिहिते आणि आधाराचे आकडे मूळ टिपेतलेच ठेवते. एखाद्या देशातल्या आयातदाराला दुसऱ्या आधाराचे टक्के हवे असतील तर ते कारखान्याने प्रयोगशाळेच्या अहवालावरून नव्याने काढून द्यायचे. भाषांतरकाराने तक्त्यात स्वतःचा एकही आकडा घालू नये, आणि युरोपी पाकिटावर 'मीठ' असेल तर त्याचं 'सोडियम' करू नये. मिठाचा आकडा सोडियमच्या अडीचपट असतो.

स्टिकरचा नमुना छापून आला की अरबी न येणाऱ्या मालकानेही एक गोष्ट तपासावी. मी पोषकद्रव्यांची नावं 'अल्' लावून लिहिते, आणि 'अल्' म्हणजे शेजारी दोन उभ्या रेघा. त्या प्रत्येक शब्दाच्या उजव्या टोकाला दिसल्या पाहिजेत. डाव्या टोकाला दिसल्या तर सॉफ्टवेअरने शब्द उलटे केले आहेत. आणि सगळी अक्षरं एकमेकांपासून सुटी, मधे फटी ठेवून उभी दिसली, तर डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये अरबी जोडणीची सोय चालू नव्हती. अशा वेळी हाताने अक्षरं हलवत बसू नये, फाइल परत पाठवावी.

त्या चिवड्याचा नमुना सोमवारी दुपारी आला. मालकांच्या पत्नी फोनवर होत्या, त्यांच्या हातात मूळ पाकीट, माझ्यापुढे स्टिकर. त्या ओळ वाचायच्या, मी उजवीकडून बोट सरकवत ताडायची. पहिल्या ओळीनंतर त्यांना विचारलं, "आणि कोरी चौकट आली की काय म्हणायचं?" म्हटलं, "वहिनी, 'रिकामं' म्हणा. तेही तपासायचंय."

"प्रथिनं. बारा, तीन पूर्णांक सहा, रिकामं."

"हो."

"कर्बोदकं. पन्नास, पंधरा, रिकामं."

"हो."

साखरेच्या दोन्ही ओळी जुळल्या. घातलेल्या साखरेपुढे चार होते. मेदापुढे तेरा. ट्रान्स फॅटच्या सर्व्हिंगमध्ये पाकिटावर ०.०३ होतं आणि स्टिकरवर ०.३. मूळ फाइल उघडून बघितली, तिथे बरोबर होतं. टाइप करताना एक शून्य गळलं होतं. ते दुरुस्त करायला सांगितलं, आणि आम्ही पुढे गेलो.

"कोलेस्टेरॉल. शून्य, शून्य, रिकामं. सोडियम. सातशे, दोनशे दहा, अकरा."

"अकरा," मी म्हटलं, आणि त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली.